बार्ट सिम्पसन दहाच वर्षांचा का राहतो?

माझी मावशी सात-आठ वर्षांची असताना ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ सुरू झाला. साल होतं १९९१. ती सांगते, तेव्हा चिंटू तिच्या वर्गातला मुलगा वाटायचा. पुढे ती कॉलेजात गेली, नोकरीला लागली, आई झाली. आता तिची मुलगीही चिंटूपेक्षा मोठी दिसते. चिंटू मात्र आहे तिथेच आहे. तुमच्याही लहानपणीचा असा एखादा सोबती असेलच, जो तुम्हाला पुढे पाठवून स्वतः मागे थांबला.

हे असं का होतं, ते नीट कळतं ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतून. ती १७ डिसेंबर १९८९ला सुरू झाली. बार्ट दहा वर्षांचा, बहीण लिसा आठची आणि धाकटी मॅगी एक वर्षाची. आजही त्यांची वयं तीच आहेत. मालिकेत कितीतरी ख्रिसमस येऊन गेले, पण मॅगीच्या तोंडातली चोखणी काही सुटली नाही. घर मात्र बदललं. सुरुवातीच्या दृश्यात सगळे सोफ्यावर येऊन बसतात, तेव्हा समोर जुना डबा टीव्ही असायचा. २००९ साली तिथे सपाट पडद्याचा टीव्ही आला.

वय थांबवतं कोण?

पहिलं कारण अगदी साधं आहे. चित्राला वय नसतं. खऱ्या बालकलाकाराला दोन-तीन वर्षांत मिसरूड फुटते, आवाज बदलतो. बार्टला आवाज देतात नॅन्सी कार्टराइट, म्हणजे एक प्रौढ बाई. त्यामुळे बार्टचा आवाज फुटायची भीतीच नाही.

दुसरं कारण गोष्टीतच आहे. बार्टच्या खोड्या दहाव्या वर्षी गंमत वाटतात. तेच तो अठराव्या वर्षी करू लागला, तर पोलीस बोलवावे लागतील. त्याचं वय वाढवलं की वडिलांशी, शाळेशी, बहिणीशी असलेलं नातंही नव्याने लिहावं लागेल. शिवाय प्रेक्षक कुठलाही भाग मधूनच बघतो. त्याला आधीचं काही माहीत नसलं, तरी घर ओळखीचं वाटायला हवं.

भूतकाळच सरकतो

पण खरी पंचाईत पुढे आहे. वर्तमान पुढे सरकला आणि वय तेवढंच राहिलं, तर भूतकाळाचं काय करायचं? १९९१ सालच्या एका भागात दाखवलंय, की बार्टचे आईवडील, मार्ज आणि होमर, १९७४ साली शाळेच्या शेवटच्या वर्षात भेटले. तेव्हा हा हिशोब जुळत होता. त्या वेळी सतरा-अठराचा असलेला होमर १९९१ साली पस्तिशीच्या आसपास येतो.

२००८ साली तोच होमर पन्नाशीचा व्हायला हवा होता. म्हणून त्या वर्षीच्या एका भागात लेखकांनी त्या दोघांचे लग्नाआधीचे दिवस चक्क नव्वदच्या दशकात नेले. होमर तिथे त्या काळातल्या रॉक बँडमध्ये गातो. बरेच जुने चाहते नाराज झाले. साहजिकच आहे. नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतः बार्टला पडद्यावर पाहिलं होतं, आणि आता त्याच दशकात त्याचा जन्मही झाला नव्हता!

सगळाच भूतकाळ असा सरकवता येत नाही. होमरचे वडील दुसऱ्या महायुद्धात लढलेले दाखवलेत. ते युद्ध १९४५ साली संपलं, ती तारीख कोण हलवणार? त्या हिशोबाने आजोबा आता शंभरीच्या घरात जातात. कार्टूनमधला काळ कुठे अडकलाय हे ओळखायचं असेल, तर अशी पक्की तारीख शोधा.

आणखी एका ठिकाणी हा खेळ थांबला. बार्टच्या शिक्षिकेला, मिसेस क्रॅबॅपलला, आवाज देणाऱ्या मार्सिया वॉलेस २०१३ साली वारल्या. निर्मात्यांनी दुसरा आवाज शोधला नाही. ते पात्रच निरोप घेऊन गेलं. चित्राला मरण नव्हतं, पण आवाजाला होतं.

वय वाढवून पाहिलं, तर?

तोही प्रयोग झालाय. फ्रँक किंग यांच्या ‘गॅसोलिन अ‍ॅली’ या अमेरिकन चित्रमालिकेत १४ फेब्रुवारी १९२१ला वॉल्टच्या दारात एक तान्हं बाळ सापडतं. तो स्कीझिक्स वाचकांसोबत मोठा झाला, सैन्यात गेला, १९४४ साली त्याचं लग्नही झालं. पण त्याला वाढवणाऱ्या वॉल्टला निरोप देणं जमलं नाही. त्याने शंभरी कधीच ओलांडली, तरी तो मालिकेत राहिला. वय वाढवायचं धाडस केलेल्यांनाही शेवटी कुठेतरी घड्याळ थांबवावं लागलं.

१९८९ साली बार्टएवढं असलेलं मूल आज होमरपेक्षाही मोठं आहे. तेव्हा त्याला बार्टच्या खोड्यांचं हसू यायचं. आता तोच भाग बघताना त्याचं लक्ष थकून घरी आलेल्या बापाकडे जातं. मावशीचंही तसंच झालंय. हल्ली चिंटू वाचताना ती आधी त्याच्या आईची बाजू घेते.