खाती पोहोचली, बँक अडकली

२२ एप्रिल २०१८. रविवारी संध्याकाळी ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने आपली नवी संगणकप्रणाली ग्राहकांसाठी खुली केली आणि थोड्याच वेळात लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. काहींना चक्क दुसऱ्याचं खातं दिसलं. बँकेचे ग्राहक ५२ लाख. सगळं पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. नवल असं, की ज्या कामाची सर्वांत जास्त धास्ती असते ते, म्हणजे खात्यांचा डेटा जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवणं, बऱ्यापैकी सुरळीत पार पडलं होतं.

टीएसबी ही लॉइड्स बँकेतून वेगळी झालेली बँक. वेगळी झाली तरी तिची खाती लॉइड्सच्याच संगणकांवर होती आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत होते. २०१५ मध्ये स्पेनच्या सबादेल बँकेने टीएसबी विकत घेतली आणि सबादेलच्याच संगणक कंपनीने, साबिसने, नवी प्रणाली बांधायला घेतली. स्थलांतर नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हायचं होतं. ते पुढे ढकललं गेलं, पण नवी तारीखही काम मोजून ठरली नाही. आधी मुदत धरली आणि कामं तिच्यात बसवली, असं नंतरच्या स्वतंत्र चौकशीत दिसलं. एकामागून एक व्हायच्या चाचण्या मग समांतर चालवल्या गेल्या.

हे घातक का ठरतं, ते चाचण्यांचा क्रम पाहिला की कळतं. आधी डेटाची तालीम होते: खाती नव्या प्रणालीत भरायची आणि ताळा घ्यायचा. खात्यांची संख्या जुळली का, शिलकांची बेरीज शेवटच्या पैशापर्यंत जुळली का, ठरलेले मासिक हप्ते सोबत आले का? मग बँकेचे कर्मचारी रोजची कामं करून पाहतात. त्यानंतर येते भाराची चाचणी, म्हणजे पगाराच्या दिवशी लाखो लोक एकदम आत आले तर प्रणाली तग धरते का, हे पाहणं. आधीच्या पायरीवरचे दोष दुरुस्त न करता पुढची घेतली, तर तिचा निकाल अर्धवट बांधलेल्या प्रणालीचा असतो.

टीएसबीत नेमकी हीच शेवटची पायरी लंगडी राहिली. नवी प्रणाली दोन डेटा सेंटरांवर एकाच वेळी चालणार होती. भाराची चाचणी त्यातल्या एकावरच झाली. दुसरं तसंच आहे, असं धरून चालले. ताळा शंभर टक्के जुळला तरी हा धोका त्यात दिसत नाही, कारण ताळा सांगतो डेटा बरोबर आहे. दरवाजा उघडतो की नाही, हे सांगत नाही.

प्रत्यक्ष बदलासाठी शुक्रवारी दुपारी ४ ते रविवारी संध्याकाळी ६ असे ५० तास ठेवले होते. त्या काळात अनेक सेवा बंद होत्या. अशा वेळी माघारीची अट आधीच लिहून ठेवावी लागते, आणि ती उलटी मोजायची असते. समजा, जुन्या प्रणालीवर परतायला १० तास लागतात. मग 'पुढे की मागे' हा निर्णय रविवारी सकाळी ८ च्या आत व्हायला हवा. ९ वाजता दोष सापडला, तर ठरल्या वेळी सेवा सुरू करणं आणि सुरक्षित परतणं यांपैकी एक सोडावं लागेल. अटही मोजता येणारी हवी: शिलकेत फरक निघाला तर माघार, अमुक इतकी लॉगिन अयशस्वी ठरली तर माघार. 'परिस्थिती पाहून ठरवू' ही अट नव्हे, कारण दोन रात्री जागलेल्या माणसांना परिस्थिती नेहमीच जराशी बरी दिसते.

एकदा ग्राहकांसाठी दार उघडलं की माघार फारच महाग होते. नव्या प्रणालीत व्यवहार नोंदले जाऊ लागतात आणि परतायचं तर तेही जुन्या प्रणालीत न्यावे लागतात, म्हणजे उलट्या दिशेचं आणखी एक स्थलांतर, तेही न तपासलेलं. म्हणूनच शहाणे लोक आधी थोडी खाती हलवतात. टीएसबीने बहुतांश ग्राहक एकाच झटक्यात हलवले.

राहिली व्यवसायाची मंजुरी. तिच्यावर सही करणाऱ्याने काय पाहायचं? साबिसने तयारीची ग्वाही दिली होती. पण साबिसचं काम आणखी कितीतरी पुरवठादारांवर उभं होतं आणि ग्वाहीचा बराच भाग पुढे काय होईल या अपेक्षेचा होता. मदतीला बोलावलेल्या आयबीएमने आठवड्याभरातच नोंदवलं, की नवी प्रणाली सुरू करण्यासाठीचे कडक निकष लावल्याचा पुरावा आपल्याला दिसलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६.५ लाख पौंड दंड केला. एप्रिल २०२३ मध्ये बँकेचे तेव्हाचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख कार्लोस अबार्का यांना ८१,६२० पौंडांचा व्यक्तिगत दंड झाला, तो पुरवठादाराची तयारी पुरेशी तपासून न घेतल्याबद्दल.