बैठकीला ऑनलाइन येऊ का? हे विचारायचं कसं

मागच्या भागानंतर एका ताईंनी विचारलं होतं, की समक्ष बोलावलेल्या बैठकीला फोनवरून हजर राहायचं असेल तर साहेबांना लिहायचं कसं? उद्धटपणा वाटू नये, आणि टाळाटाळही वाटू नये. आज तेवढंच बोलू, माझ्याच एका प्रसंगावरून.

मी अंबाजोगाईत एका शेतकरी कंपनीचं काम बघतो. बैठका बहुतेक संभाजीनगरला. आपल्याकडे रेल्वे नाही. त्यामुळे अकराच्या बैठकीसाठी पहाटे पाचला एसटी गाठायची, आणि घरी यायला रात्र. बैठक दीड तासाची असली तरी दिवस अख्खा जातो. पण खरं सांगू का, हे कारण लिहू नका. लांब पडतं, हे सगळ्यांनाच पडतं. बीडचे, धारूरचे, केजचे लोकही येतातच की.

त्या गुरुवारी मात्र खरी अडचण होती. सोयाबीनची गाडी भरायची होती, आणि वजनपावतीवर सही माझीच लागते. सोमवारी सकाळी मी हे लिहिलं:

"नमस्कार साहेब. गुरुवारी 11 वाजताच्या बैठकीला मी व्हिडिओ कॉलवरून हजर राहिलो तर चालेल का? त्याच दिवशी आमची सोयाबीनची गाडी भरायची आहे आणि वजनपावतीवर माझी सही लागते. कॉलची सोय नसेल, तर आमच्या लेखापाल मॅडम समक्ष येतील. यंत्राची दरपत्रकं त्यांनीच मागवली आहेत. मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवलंत तर त्यांना निघायची तयारी करता येईल."

बघा, विनंती पहिल्याच ओळीत आहे. आपण उलटं करतो. आधी पाऊस, मग आईचं दुखणं, मग गाडी, आणि तळाशी "जमल्यास ऑनलाइन घ्यावे". वाचणारा मधेच सोडतो. कारण एकच आणि एका वाक्यात द्या. तीन कारणं दिली की एकही खरं वाटत नाही.

आणि हे ज्यांनी बैठक बोलावली त्यांनाच पाठवायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, की आणखी चार जण "मलाही लिंक द्या" म्हणतात, आणि साहेबांना सगळ्यांनाच नाही म्हणावं लागतं.

मंगळवारची मुदत का? तर मॅडमना पहाटे निघायचं होतं. बुधवारी रात्री नकार आला असता तर काय उपयोग? उत्तर आलंच नाही, तर मी त्याचा अर्थ नकारच धरतो आणि माणूस पाठवतो.

मला उत्तर आलं, मंगळवारी दुपारीच: सभागृहात स्क्रीन नाही, मॅडमना पाठवा. मॅडम गेल्या. आणि इथं माझी चूक झाली. यंत्राच्या किमतीत कंपनीचा हिस्सा थोडा वाढवाल का, असं तिथं विचारलं गेलं. मॅडमना हो म्हणायचा अधिकार आहे की नाही, हे मी कुठंच लिहिलं नव्हतं. त्या बाहेर येऊन मला फोन करत होत्या, आणि मी वजनकाट्यावर, ट्रकच्या आवाजात. तिसऱ्या फोनला लागला. तोवर आमचा विषय मागं ठेवून पुढचा घेतला होता.

आता मी सोबत अधिकारपत्र देतो, कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. कोण येणार, कोणत्या बैठकीला, आणि किती रकमेपर्यंत होकार देऊ शकतात. रक्कम स्पष्ट लिहायची. "योग्य तो निर्णय घेतील" असं लिहिलं की माणूस पुन्हा व्हरांड्यात फोन घेऊन उभा.

परवानगी मिळाली तर आणखी एक काळजी. वीज गेली की वायफायचा राउटर बंद पडतो, हे आपल्याला नवीन नाही. मोबाइल डेटा चालू ठेवा, फोन चार्ज करून ठेवा, आणि बैठकीत बसलेल्या एकाचा नंबर हाताशी ठेवा. चित्र अडकलं तर साध्या फोनवर स्पीकरवरून बोलता येतं.

एक जागा मात्र अशी, जिथं माणूस पाठवायचा पर्यायच नाही. कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक. कंपनी कायदा 2013 च्या कलम 173 प्रमाणे संचालकाला व्हिडिओवरून हजर राहता येतं, पण आपल्या जागी सहकारी बसवता येत नाही. मॅडम कितीही हुशार असल्या तरी त्यांचं मत तिथं धरलं जाणार नाही. व्हिडिओवरून येणार हे अध्यक्षांना किंवा कंपनी सेक्रेटरींना आधी कळवायचं. वर्षाच्या सुरुवातीला एकदा कळवलं तर ते वर्षभर चालतं. काहीच कळवलं नाही, तर तुम्ही समक्ष येणार असंच धरतात. म्हणून तिथल्या पत्रातून "नसेल तर मॅडम येतील" ही ओळ काढा.

आमचा मागं पडलेला विषय पुढच्या बैठकीत आला. मी स्वतः गेलो, पाचच्या एसटीनं.