रांगोळीच्या चित्रापासून कमिशनपर्यंत: पिंटरेस्टवरचा वाचक ब्लॉगवर कसा येतो

रांगोळीवर ब्लॉग लिहिणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. पिंटरेस्टवर चित्र हजारो लोकांना दिसतं, शेकडो जण ते सेव्हही करतात, पण ब्लॉगवर कोणी येत नाही. कारण साधं आहे. पूर्ण रांगोळी चित्रातच दिसली की बघणाऱ्याचं काम तिथेच संपतं. वाचकाला ब्लॉगवर आणायचं असेल, तर चित्रात न मावणारं काहीतरी लेखात असायला हवं, आणि ते तिथे आहे हे चित्रावरून कळायला हवं. हा प्रवास कसा घडतो, ते एकाच लेखाच्या उदाहरणातून पाहू: '९ ते ५ ठिपक्यांची छोटी रांगोळी'.

आधी प्रश्न शोधायचा

पिंटरेस्टला लोक सोशल मीडियात धरतात, पण ते चालतं चित्रांच्या शोधयंत्रासारखं. लोक तिथे ओळखीच्यांची खबरबात घ्यायला नव्हे, काहीतरी शोधायला येतात. म्हणून लेख लिहिण्याआधी पिंटरेस्टच्या शोधचौकटीत 'rangoli with dots' टाइप करून पाहावं. खाली आपोआप येणाऱ्या सूचना म्हणजे लोक खरोखर वापरतात ते शब्द. हाच शोध गुगलवर मराठीत आणि रोमन लिपीतही करावा, कारण मराठी माणूसही बऱ्याचदा रोमन अक्षरांतच टाइप करतो.

नुसत्या 'रांगोळी' या शब्दावर नव्या ब्लॉगचा निभाव लागत नाही. 'फ्लॅटच्या दारासमोर मावेल अशी ९ ते ५ ठिपक्यांची रांगोळी' हा प्रश्न मात्र नेमका आहे. तो विचारणाऱ्याला आज, आत्ता रांगोळी काढायची आहे.

लेखात चित्रापलीकडचं बरंच काही देता येतं. मधल्या ओळीत ९ ठिपके, मग दोन्ही बाजूंना मधले ठिपके घेत ८, ७, ६ आणि ५, एकूण ६१. दोन ठिपक्यांत दोन इंच अंतर ठेवलं, तर मधली ओळ १६ इंचांची होते, म्हणजे उंबऱ्यासमोरच्या दीड फूट जागेत मावते. कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला आधी जोडायचा, हे पाच-सहा फोटोंत दाखवावं. लेखाचा पत्ता `thipkyanchi-rangoli-9-te-5` असा रोमन अक्षरांत ठेवावा. देवनागरी पत्ता चालतो, पण कॉपी केला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होऊन बसते.

पिन कशी करायची

पिनचं माप २:३, म्हणजे १००० × १५०० पिक्सेल. मोबाइलवर पिना दोन रकान्यांत दिसतात, म्हणजे आपलं चित्र जेमतेम अर्ध्या पडद्याएवढं. त्यामुळे चित्रावर पाच-सहा शब्दांहून जास्त मजकूर नको. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत अडकतात, म्हणून ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा मोकळं ठेवावं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मोफत मिळतात, आणि ठळक वजनात लहान आकारातही जोडाक्षरं नीट वाचता येतात. तयार पिन पोस्ट करण्याआधी स्वतःच्या फोनवर, हात लांब करून वाचून पाहावी.

आता मूळ अडचण. वरच्या भागात पूर्ण रांगोळी ठेवावी, कारण डोळा तिच्यावरच थांबतो. खालच्या भागात फक्त ठिपके आणि जोडलेल्या पहिल्या काही रेषा दाखवाव्यात, आणि मजकूर द्यावा: '९ ते ५ ठिपके, क्रमाने कृती'. पुढच्या रेषा लेखात आहेत, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं. पिनच्या शीर्षकात आणि वर्णनात शोधातले तेच शब्द सरळ वाक्यात लिहावेत. पिन ज्या बोर्डवर ठेवायची, त्याचं नावही 'माझ्या आवडी' असं नको, 'ठिपक्यांची रांगोळी' असं हवं. पिन कशाबद्दल आहे, हे पिंटरेस्टला त्यावरूनही कळतं.

वेळापत्रक

पिंटरेस्टवर लोक सणाची तयारी बरीच आधी सुरू करतात, आणि नव्या पिनेला शोधात वर यायलाही वेळ लागतो. दिवाळीच्या आठवड्यात टाकलेली पिन त्या दिवाळीला उशिराच पोहोचते. म्हणून दिवाळीचा लेख गणपतीच्या सुमारास तयार असावा. त्याच लेखासाठी चार वेगळ्या पिना कराव्यात: एकीत पूर्ण रांगोळी, दुसरीत ठिपक्यांचा आराखडा, तिसरीत उंबऱ्यासमोरचा फोटो, चौथीत रंगसंगती. त्या आठवड्याला एक अशा सोडाव्यात. मोफत बिझनेस खात्यात पुढची तारीख लावून ठेवायची सोय असते. एकच चित्र पुन्हा पुन्हा टाकलं, तर ते स्पॅम धरलं जाण्याचा धोका असतो.

भेटीतून कमिशन

कमिशनची लिंक वाचकाला गरज भासते त्याच परिच्छेदात हवी. ठिपके पाडायला दुकानातला साचा लागत नाही. वर्तमानपत्राला उदबत्तीने भोकं पाडून केलेला कागद फुकटात तेच काम करतो, आणि लेखात तसं लिहावं. पांढरी रांगोळीही कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त मिळते. मात्र नेमक्या छटांचा रंगसंच किंवा बारीक रेषेसाठी टोकदार तोंडाची बाटली सगळीकडे मिळत नाही. लिंक तिथे द्यावी. ज्याला कागद घरी करायला शिकवला, तो वाचक रंगांच्या शिफारशीवरही विश्वास ठेवतो.

लिंकच्या आधी स्पष्ट लिहावं: 'या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं.' केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांचाही रोख हाच आहे, की आर्थिक संबंध साध्या भाषेत आणि सहज दिसेल असा सांगावा. गुगलला तो कळावा म्हणून लिंकमध्ये एक शब्द घालायचा असतो:

```
<a href="..." rel="sponsored">रंगसंच</a>
```

ॲमेझॉनच्या योजनेत साधारणपणे क्लिकनंतर २४ तासांत झालेली खरेदीच आपल्या नावावर धरली जाते. 'नंतर कधीतरी घेऊ' म्हणणाऱ्याचं कमिशन मिळत नाही. म्हणून आज रांगोळी काढायला बसणारा वाचक महत्त्वाचा. लेखात वस्तूची किंमत मात्र लिहू नये. ती बदलत राहते आणि वाचकाची दिशाभूल होते.

कडी कुठे तुटते

समजा, पिना २०,००० वेळा दिसल्या. त्यातून १०० जण लेखावर आले, १० जणांनी दुकानाची लिंक दाबली, एकाने ३५० रुपयांचा संच घेतला. कमिशन ६ टक्के धरलं तर हाती आले २१ रुपये. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रत्येक पायरीवर माणसं अशीच गळतात. त्यामुळे गळती नेमकी कुठे होते, ते पाहायचं.

पिन दिसतच नसेल तर शब्द चुकलेत. शोधचौकटीकडे परत जावं. सेव्ह भरपूर आणि बाहेर जाणारे क्लिक थोडे असतील, तर चित्राने सगळंच सांगून टाकलंय. पिनेचा खालचा भाग बदलावा. पिंटरेस्टच्या ॲनालिटिक्समध्ये हे दोन्ही आकडे वेगवेगळे दिसतात. लोक लेखावर येतात पण दुकानाची लिंक दाबत नाहीत, तेव्हा लिंक बहुधा शेवटी ढकललेली असते. ती रंग भरायच्या पायरीवर आणावी. दुकानात जाऊनही खरेदी होत नसेल, तर ती लिंक स्वतः उघडून पाहावी. बऱ्याचदा वस्तू संपलेली असते. प्रत्येक लेखाला वेगळा ट्रॅकिंग आयडी दिला, की कोणत्या लेखातून काय आलं हे कळतं.

चांगली पिन पुढच्या वर्षीही शोधात येते, आणि त्या एका लेखाची कमाई दरवर्षी थोडी थोडी साठत जाते. त्यासाठी दरवर्षी श्रावणात दोन कामं करावीत: सगळ्या लिंका तपासून संपलेल्या वस्तू बदलाव्यात, आणि गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोक कोणत्या शब्दांनी लेखावर आले ते पाहावं. तिथे 'तुळशीवृंदावनासमोरची रांगोळी' असे शब्द दिसले, तर पुढचा लेख कशावर लिहायचा ते वाचकांनीच सांगितलेलं असतं.