एक्स्पायरीपर्यंत उरलेला वेळ: दिनदर्शिकेचा आणि बाजाराचा

ऑप्शनची किंमत काढणाऱ्या ब्लॅक-शोल्स सूत्रात शेअर किंवा निर्देशांकाचा भाव, स्ट्राइक, व्याजदर, व्होलॅटिलिटी आणि मुदत संपेपर्यंतचा वेळ एवढ्या गोष्टी लागतात. त्यांपैकी व्होलॅटिलिटी अंदाजाने घ्यावी लागते, हे सगळे जाणतात. वेळ मात्र एक्स्पायरीच्या तारखेतून आजची तारीख वजा केली की मिळाला, असे धरले जाते. साप्ताहिक ऑप्शनच्या बाबतीत हे गृहीतक फार महाग पडते, कारण एकूण मुदतच इतकी थोडी असते की एका दिवसाची चूकसुद्धा किंमत बरीच हलवते.

नोव्हेंबर 2024 मधला निफ्टीचा एक आठवडा यासाठी पाहण्याजोगा आहे. त्या वेळी राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन गुरुवारी संपत. गुरुवार, 14 नोव्हेंबरला बाजार बंद झाला, तेव्हा पुढची एक्स्पायरी 21 नोव्हेंबरला होती. मधल्या शुक्रवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी होती, नंतर शनिवार-रविवार आले आणि बुधवारी, 20 तारखेला, महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानासाठी बाजार बंद राहिला. दिनदर्शिकेनुसार सात दिवस उरले होते. प्रत्यक्ष व्यवहार होणार होते ते सोमवार, मंगळवार आणि गुरुवार असे तीनच दिवस.

सूत्रात वेळ वर्षाच्या अपूर्णांकात जातो आणि किमतीवर त्याचा परिणाम वर्गमुळाने होतो. चालू भावाच्या लगतच्या स्ट्राइकचा प्रीमियम साधारणपणे 0.4 × भाव × व्होलॅटिलिटी × √वेळ एवढा येतो. निर्देशांक 23,500 आणि वार्षिक व्होलॅटिलिटी 14 टक्के धरू. वेळ 7/365 घेतला तर प्रीमियम सुमारे 182 अंक निघतो. व्यवहाराचे दिवस मोजून, वर्षात असे 250 दिवस धरून, 3/250 घेतला तर तो सुमारे 144 होतो. एकाच ऑप्शनच्या दोन किमतींत 38 अंकांचा फरक पडला आणि तो फक्त वेळ मोजण्याच्या पद्धतीमुळे.

चुकीचे घड्याळ ओळखण्याची एक सोपी खूण आहे. बाजारात तो ऑप्शन 144 ला आहे असे समजू आणि त्या किमतीवरून उलट गणिताने व्होलॅटिलिटी काढू. दिनदर्शिकेचे घड्याळ वापरणाऱ्या प्रोग्रॅमला गुरुवारी संध्याकाळी ती 11 टक्के दिसेल. सोमवारी सकाळी सव्वानऊला निर्देशांक आणि प्रीमियम दोन्ही जागच्या जागी असले, तरी त्याच प्रोग्रॅमला ती 16 टक्क्यांवर गेलेली दिसेल, कारण त्याच्या लेखी सातापैकी पावणेचार दिवस उडून गेलेले असतात. प्रत्येक सुट्टीनंतर व्होलॅटिलिटी अशी उडी मारत असेल, तर बाजारात शोधत बसण्यापेक्षा आधी घड्याळ तपासावे.

यावर उपाय म्हणजे दिवस मोजणे सोडून व्यवहाराची मिनिटे मोजणे. बाजार 9:15 ते 15:30 चालतो, म्हणजे पूर्ण दिवसाची 375 मिनिटे होतात. प्रत्येक सत्राची सुरुवात आणि शेवट यांची यादी केली की काम अगदी थोडे उरते:

```python
from datetime import datetime
from zoneinfo import ZoneInfo

IST = ZoneInfo("Asia/Kolkata")
now = datetime.now(IST)
expiry = datetime(2024, 11, 21, 15, 30, tzinfo=IST)

def minutes_left(now, expiry, sessions):
    total = 0
    for start, end in sessions:
        a, b = max(start, now), min(end, expiry)
        if b > a:
            total += (b - a).total_seconds() / 60
    return total
```

येथे `sessions` मध्ये सुट्टीचा दिवस नसतोच, त्यामुळे शनिवार-रविवारासाठी वेगळी अट लिहावी लागत नाही. 1 नोव्हेंबर 2024 चे संध्याकाळी सहा ते सातचे मुहूर्त सत्र साठ मिनिटांचे म्हणून आपोआप धरले जाते. निघालेली मिनिटे 250 × 375 म्हणजे 93,750 ने भागली की सूत्रात घालायचा वेळ मिळतो. हा भाजक कोणता घेतला यापेक्षा व्होलॅटिलिटीही त्याच भाजकाने मोजली आहे का, हे अधिक महत्त्वाचे. 365 दिवसांच्या घड्याळाने काढलेली व्होलॅटिलिटी 250 दिवसांच्या वेळेबरोबर वापरली, तर दोन्ही गणिते स्वतंत्रपणे बरोबर असूनही उत्तर चुकते. व्याजाची गोष्ट वेगळी. व्याज सुट्टीतही चढते, म्हणून सूत्रातल्या व्याजाच्या भागाला दिनदर्शिकेचाच वेळ द्यावा लागतो. चांगल्या प्रोग्रॅममध्ये म्हणून वेळेचे दोन वेगळे आकडे असतात.

सत्रांची यादी प्रोग्रॅममध्ये कायमची लिहून ठेवता येत नाही. 20 नोव्हेंबरची सुट्टी बाजाराने वर्षाच्या सुरुवातीला जाहीर केलेल्या यादीत नव्हती. एक्स्पायरीचा वारही गृहीत धरू नये: 15 ऑगस्ट 2024 ला गुरुवार आला, म्हणून त्या आठवड्याचे ऑप्शन बुधवारी संपले, आणि सप्टेंबर 2025 पासून तर निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारी गेली. तारीख बाजाराच्या करार-यादीतून घ्यावी आणि सुट्ट्या वेगळ्या फाइलीत ठेवून परिपत्रक आले की बदलाव्यात.

एक्स्पायरीच्या दिवशी तासाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. `datetime(2024, 11, 21)` एवढेच लिहिले तर तो क्षण मध्यरात्रीचा ठरतो. मग गुरुवारी सकाळी बाजार उघडण्याआधीच वेळ ऋण होतो आणि वर्गमूळ निघत नाही. ते टाळण्यासाठी काही जण किमान एक दिवस धरतात; पण दुपारी अडीचला प्रत्यक्षात 375 पैकी 60 मिनिटेच उरलेली असतात, त्यामुळे किंमत अडीच पट फुगते. याहून फसवी चूक टाइमझोनची. सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतो. भारतात दुपारचे तीन वाजलेले असताना त्याचे घड्याळ साडेनऊ दाखवते. टाइमझोन न लिहिलेला प्रोग्रॅम मग 30 ऐवजी 360 मिनिटे उरली आहेत असे समजतो. कोणतीही एरर येत नाही, फक्त किंमत साडेतीन पट येते. वरच्या कोडमध्ये `IST` दोन्ही ठिकाणी आहे तो यासाठीच.

शेवटच्या अर्ध्या तासात आणखी एक बारकावा आहे. निफ्टी ऑप्शनचा अंतिम हिशेब निर्देशांकाच्या बंद भावावर होतो आणि तो 15:00 ते 15:30 मधल्या व्यवहारांच्या भारित सरासरीवरून ठरतो. सरासरी ही शेवटच्या क्षणाच्या भावापेक्षा कमी हलते. त्या तीस मिनिटांना सारखे वजन दिले, तर तीन वाजता गणितासाठी उरलेला वेळ तीस मिनिटांचा नसून त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे दहा मिनिटांचा असतो. तीननंतर सरासरीचा काही भाग ठरून गेलेला असल्यामुळे साधे सूत्रच पुरत नाही.

व्यवहाराच्या मिनिटांचे घड्याळ रात्रीला शून्य वजन देते आणि हे पूर्ण खरे नाही. सकाळी बाजार वर किंवा खाली उघडतो, म्हणजे बंद काळातही काही हालचाल साचते. पण ती किती, याचा एक चांगला पुरावा न्यूयॉर्कचा आहे. 1968 मध्ये कागदपत्रांचा ढीग उपसण्यासाठी तिथला शेअर बाजार अनेक बुधवारी बंद ठेवला गेला. बाकीचा देश मात्र नेहमीसारखा कामावर होता. फ्रेंच आणि रोल यांनी 1986 च्या अभ्यासात दाखवले, की त्या बंद बुधवारांमुळे भावातली चढउतार अपेक्षेपेक्षा बरीच कमी भरली. म्हणून बंद काळाला थोडे वजन द्यावे, पूर्ण दिवसाचे नाही. ते किती, हे ज्या त्या बाजाराच्या जुन्या भावांवरून मोजावे लागते.

कोड वापरात आणण्याआधी हाच आठवडा चाचणीला घ्यावा. 14 नोव्हेंबरला 15:30 वाजता उत्तर 1,125 मिनिटे यायला हवे, 19 ला बाजार बंद होताना 375, मतदानाच्या दिवशी कोणत्याही क्षणी तेच 375 आणि 21 ला दुपारी तीन वाजता 30. हीच चाचणी यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवरही घ्यावी. एकही आकडा बदलला तर तो कोड वापरण्याजोगा नाही.