‘कद्र’वर थांबताना

सूरह अल-कद्र अवघ्या पाच आयतींची. नूरानी कायदा संपवून आलेली मुलं ती लवकर पाठ करतात, पण उस्ताद त्यांना पहिल्याच आयतीच्या शेवटच्या शब्दावर अडवतात. ‘कद्र’ या एवढ्याशा शब्दात तजवीदचे दोन नियम एकमेकांना खेटून उभे आहेत.

पहिला नियम दालचा. मोठा काफ, जाड ता, बा, जीम आणि दाल ही पाच अक्षरं ‘कुत्बु जद’ या जोडशब्दात बांधून लक्षात ठेवतात. ती उच्चारताना श्वासही अडतो आणि आवाजही. मग अक्षरावर जबर, जेर किंवा पेश नसेल, म्हणजे ते जज्म असेल, तर आवाज तोंडातच कोंडतो. तो मोकळा व्हावा म्हणून जीभ किंवा ओठ झटक्यात सोडायचे. त्यातून जो हलका नाद उठतो तो कलकला. शब्दाच्या मध्ये तो बारीक असतो, थांबताना ठळक. नवशिक्याची चूक इथेच होते. नाद काढण्याच्या भरात तो दालला चक्क ‘अ’ जोडतो आणि ‘कदर’ म्हणतो.

आता रा. जबर किंवा पेश असेल तर तो ‘पुर’, म्हणजे जाड. जेर असेल तर बारीक. जाड रा काढताना जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलायचा. ओठ गोल करायचे नाहीत. आणि जीभ फडफडवायचीही नाही.

गंमत पुढेच आहे. ‘कद्र’च्या शेवटी मुळात जेर आहे, पण थांबलं की ती गळते आणि रा जज्म होतो. मग त्याने कुणाचं बघायचं? मागचा दालही जज्मच, म्हणून त्याच्याही मागे जायचं. तिथे काफवर जबर आहे, तेव्हा रा जाड. तिसऱ्या आयतीत हाच शब्द मध्ये येतो. तिथे न थांबता पुढे गेलं की जेर शाबूत राहते आणि तोच रा बारीक होतो.

‘शह्र’, ‘अम्र’ आणि ‘फज्र’वर थांबतानाही याच हिशेबाने रा जाड. कलकला मात्र फक्त ‘फज्र’च्या जीमला, हा आणि मीम त्या पाचांत नाहीत. मराठी बोलणाऱ्याला इथे आणखी एक खोड आवरावी लागते. ‘मित्र’, ‘शब्द’ म्हणताना आपण शेवटी ‘अ’ लावतो. ‘कद्र’चा रा तसा सोडायचा नाही.

मागे जाऊन बघण्याचा सराव करायचा तर सूरह अल-फज्र घ्यावी. पहिल्या आयतीच्या शेवटी ‘फज्र’, पाचवीच्या शेवटी ‘हिज्र’. दोन्हींत जज्म जीम आणि मग रा. पण ‘हि’ला जेर असल्यामुळे तिथला रा बारीक. ही सगळी मांडणी भारतात रूढ असलेल्या हफ्सच्या वाचनाची. मोरोक्कोत चालणाऱ्या वर्शच्या वाचनात राचे नियम बरेच वेगळे आहेत, त्यामुळे तिथल्या कारीचं ध्वनिमुद्रण ऐकून आपला रा तपासू नये.