सशाची गाठ फोडून भागत नाही

राधानगरीच्या बाजूला सशाच्या जबड्याखाली गाठ आली की सल्ला ठरलेला: "गळू झालंय, चीर देऊन पू काढा, होईल बरं." म्हशीच्या गळवाला हा उपाय चालतो. सशाला चालत नाही, हे कितीदा सांगितलं तरी ब्लेड निघतंच.

सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो आणि त्याभोवती जाड कवच असतं. चीर दिली तरी तो वाहून जात नाही. वरची जखम मिटते आणि काही दिवसांत गाठ पुन्हा उभी राहते, कारण तिचा उगम बहुतेक वेळा दाताच्या बुडाशी असतो.

सशाचे २८ही दात जन्मभर वाढतात. तासन्‌तास गवत चावलं तरच ते झिजतात. आपल्याकडे वैरणीला तोटा नाही, पण घरातल्या सशापुढे चपाती आणि गहू पडतात. मग दाढा लांबतात, वरच्या-खालच्या एकमेकींवर दाबतात आणि वाढ उलटी, मुळाकडे सरकते. खालच्या दाढांची मुळं जबड्याच्या हाडात घुसतात. जबड्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं तर उंचवटे लागतात. वरच्या दाढांची मुळं डोळ्याकडे चढतात आणि अश्रुनलिका दाबतात, म्हणून एकच डोळा सतत पाणावतो. दाढांमधल्या फटींत अन्न अडकतं, जंतू खाली उतरतात आणि हाडात पू धरतो.

"पण तोंड उघडून बघितलं, दात चांगले आहेत!" काय बघितलं? पुढचे दात. सशाचं तोंड जेमतेम उघडतं. दाढा दिसल्या तरी हिरडीवरचा भागच दिसतो, बुडाचा मोठा भाग हाडात असतो. म्हणून गुंगी देऊन कवटीचे एक्स-रे काढायचे: बाजूने, वरून, समोरून आणि दोन तिरपे. नुसत्या बाजूच्या फोटोत डाव्या-उजव्या दाढा एकमेकींवर पडतात; तिरप्यात त्या सुट्या होतात.

नेहमीचं चित्र असं: मादीची हनुवटी लाळेने ओली, लेंड्या बारीक, तोंडात काही सापडत नाही. उजव्या तिरप्या फोटोत मात्र खालच्या दुसऱ्या दाढेचं मूळ हाड भेदून गेलेलं आणि भोवती काळी पोकळी. आता शस्त्रक्रिया कुठे करायची ते कळतं: गाठ कवचासकट काढायची, ती दाढ उपटायची, मेलेलं हाड खरवडायचं आणि जखम उघडी ठेवून आतून भरू द्यायची. अनेक दाढा बिघडल्या असतील तर पूर्ण बरं होणं अवघड. तिथे सीटी स्कॅन जास्त सांगतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. गाजराने दाढा झिजत नाहीत, गवताने झिजतात. दात नेलकटरने कापू नका, उभे चिरतात. माणसांची अमॉक्सिसिलिन तोंडाने दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससाच दगावू शकतो.

एक्स-रे आणि शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूरला नेताना सशाला उपाशीही ठेवू नका. ससा ओकू शकत नाही, भुलीआधी उपास लागत नाही आणि रिकामं आतडं लवकर थांबतं. गवताची पेंडी सोबत घ्या.