प्लॅन हजाराचा, डबा चारशेचा!

स्पीड कमी आला की आपण पहिला फोन कंपनीला लावतो. माणूस येतो, फायबरची वायर बघतो, स्वतःचा लॅपटॉप लावून टेस्ट करतो आणि म्हणतो, "दादा, लाइन तर ओके आहे." तो गेला की आपण पुन्हा टेस्ट मारतो आणि आकडा पुन्हा तोच. कधी कधी तो माणूस खरंच बरोबर असतो. लाइन चांगली असते, पण घरात टीव्हीशेजारी लुकलुकणाऱ्या राऊटरचा दम संपलेला असतो.

राऊटर हा वायफायचा नुसता अँटेना नाही, तो एक छोटा कॉम्प्युटर आहे. त्यात प्रोसेसर असतो, रॅम असते. इंटरनेटवरून येणारा डेटा छोट्या पाकिटांमध्ये येतो आणि एका पॅकेटमध्ये साधारण जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. बाहेरच्या जगाला तुमच्या घराचा पत्ता एकच दिसतो, पण आत मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप असे दहा पत्ते असतात. त्यामुळे कुठलं पॅकेट कुणाचं हे बघून त्यावरचा पत्ता बदलायचं काम राऊटरला करावं लागतं. याला नॅट म्हणतात. आपल्या गावचा पोस्टमन प्रत्येक पाकीट हातात घेऊन नाव वाचतो ना, तसंच.

आता हिशोब बघा. १०० एमबीपीएसला अशी साधारण ८ हजार मोठी पॅकेट दर सेकंदाला येतात. १ जीबीपीएसला तोच आकडा ८१ हजारांच्या आसपास जातो. म्हणजे एका पॅकेटला जेमतेम १२ मायक्रोसेकंद मिळतात. १०० च्या प्लॅनवर निवांत चालणारा जुना पोस्टमन इथे धापा टाकायला लागतो.

मग स्वस्त राऊटरही गिगाबिट कसा देतात? त्यांच्या चिपमध्ये एक शॉर्टकट असतो. एखाद्या कनेक्शनची पहिली काही पॅकेट प्रोसेसर तपासतो आणि पुढची सगळी तशीच थेट सोडायला हार्डवेअरला सांगतो. याला हार्डवेअर नॅट किंवा ऑफलोड म्हणतात. लोचा इथेच होतो. घरातल्या एकाने नेट खाऊ नये म्हणून आपण QoS चालू करतो, पोरांसाठी पॅरेंटल कंट्रोल लावतो, कुणी किती डेटा वापरला ते बघायला ट्रॅफिक मीटर ऑन करतो. या कामांसाठी प्रत्येक पॅकेट उघडून बघावं लागतं. त्यामुळे अनेक राऊटरमध्ये शॉर्टकट बंद होतो आणि सगळा भार परत प्रोसेसरवर येतो. राऊटरवरच व्हीपीएन चालवलं तर भार आणखी वाढतो, कारण मग प्रत्येक पॅकेट कुलूपबंदही करावं लागतं.

उदाहरण म्हणून गेवराई तालुक्यातल्या उमापूरचं एक घर धरू. ताई घरून ऑफिसचं काम करते, धाकटा व्हिडिओ एडिटिंग करतो, म्हणून १ जीबीपीएसचा प्लॅन घेतला. राऊटर मात्र पुण्याच्या रूमवरून आणलेला जुनाच. मोबाइलवर स्पीड १८० येतो. पण मोबाइलच्या आकड्यावर निकाल लावू नका, कारण वायफायला भिंती, अंतर आणि शेजाऱ्याचं वायफाय सगळंच आडवं येतं. धाकट्याने लॅपटॉप केबलने राऊटरला जोडला, डाउनलोड बंद केले आणि टेस्ट मारली. स्पीड आला ३५०. सकाळी ३५०, रात्री १२ वाजता पण ३५०. संध्याकाळी गर्दीच्या वेळीच स्पीड पडत असता तर लाइनवर संशय गेला असता. पण आकडा दिवसभर एकाच जागी अडकतो, तेव्हा अडथळा घरातच असण्याची शक्यता जास्त.

आकडा बरोबर ९४ च्या आसपास अडकला असता, तर गोष्ट वेगळी होती. तो प्रोसेसरचा दोष नसतो. राऊटरचा पोर्टच १०० एमबीपीएसचा असतो, किंवा केबलमधल्या आठपैकी एखादी तार तुटलेली असते. अशा वेळी आधी केबल बदलून बघायची.

धाकट्याने पुढे तीन गोष्टी केल्या. स्पीड टेस्ट चालू असताना कमांड विंडोमध्ये राऊटरलाच हाक मारली:

```
ping -t 192.168.1.1
```

(तुमच्या राऊटरचा पत्ता वेगळा असू शकतो, तो डब्याखालच्या स्टिकरवर असतो.) एरवी १ मिलिसेकंदात येणारं उत्तर टेस्टच्या वेळी ४० वर गेलं. केबलने जोडलेला राऊटर इतका उशीर करतो, म्हणजे तो दुसऱ्या कामात बुडालाय. मग राऊटरच्या सेटिंग पेजवर सीपीयूचा आकडा बघितला. तो ५० टक्के होता. इथे फसू नका. प्रोसेसरला दोन कोर असतील आणि एकच पूर्ण भरला असेल, तर सरासरी ५०च दिसते. शेवटी कंपनीच्या माणसाच्या मदतीने लॅपटॉप थोडा वेळ थेट फायबरच्या डब्याला जोडला. तिथे ९३० आले. गिगाबिट केबलवर ९४० च्या आसपासच कमाल मिळते, त्यामुळे लाइन निर्दोष सुटली. (फायबर आणि राऊटर एकाच डब्यात असेल, तर ही शेवटची टेस्ट करता येत नाही.)

पण थांबा, लगेच ऑर्डर टाकू नका. आधी फर्मवेअर अपडेट करा. मग QoS, पॅरेंटल कंट्रोल, ट्रॅफिक मीटर बंद करा आणि Hardware NAT किंवा Hardware offloading असा पर्याय दिसला तर चालू करा. राऊटर रीस्टार्ट करून पुन्हा केबलने टेस्ट करा. आकडा ९०० वर गेला, तर तुमचे काही हजार वाचले. १ जीबीपीएसच्या लाइनवर तसंही QoS ची गरज कमीच पडते.

खरेदीची वेळ आली हे कधी समजायचं? सगळं बंद करूनही आकडा जागचा हलत नसेल तेव्हा. किंवा ताईला राऊटरवर व्हीपीएन लागतंच आणि ते चालू केलं की स्पीड झोपतो तेव्हा. डाउनलोड लागला की कॉलमध्ये आवाज तुटतो आणि राऊटरचं पेजही उघडत नाही, हीसुद्धा खूणच. कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणं बंद केलं असेल, तर सुरक्षेसाठीही तो बदललेला बरा.

दुकानात गेल्यावर बॉक्सवरच्या AX3000 ला भुलू नका. ती दोन्ही वायफाय बँडच्या कमाल आकड्यांची बेरीज आहे, प्रोसेसरची ताकद नाही. माहितीपत्रकात किंवा रिव्ह्यूमध्ये "WAN to LAN" चा आकडा शोधा आणि QoS किंवा व्हीपीएन चालू असताना किती मिळतो ते वेगळं बघा. सगळे पोर्ट गिगाबिटचे आहेत ना, हेही तपासा.

आणि प्लॅनच १०० एमबीपीएसचा असेल, केबलवर ९० च्या पुढे मिळत असेल, तर नवा राऊटर घेऊन लाइनचा स्पीड एका एमबीने वाढणार नाही. मागच्या खोलीत रेंज येत नसेल, तर तो प्रश्न वायफायचा आहे. त्यासाठी आधी डबा टीव्हीमागून काढून घराच्या मधोमध, उंचावर ठेवून बघा. त्याला खर्च शून्य!